मुरलेलं पाणी

चिंतामणराव जबलपूरच्या तारखात्याच्या वर्कशॉपमध्ये कारकून होते. गोलबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक अंगण एवढं त्यांचं भाड्याचं घर. स्वभावानं ते अबोल होते, पण घुमे नव्हते. ऑफिसातून आले की पायांवर पाणी घ्यावं, चहा प्यावा आणि अंगणातल्या मोगऱ्याची वाळलेली पानं खुडत बसावं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. तो मोडला सदतीस साली, गणपती उठल्यावर, त्यांची एकुलती एक मुलगी विनता अमरावतीहून माहेरी आली तेव्हा.

विनताला वीस वर्षं पूर्ण व्हायची होती. सासरी तिची दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही मुलं जन्मतःच गेली. दुसऱ्या खेपेनंतर सासूनं 'जरा हवापालट' म्हणून तिला पाठवून दिलं, आणि न्यायला कधी येणार हे काही सांगितलं नाही. ती आली ती खिडकीशी ठेवलेल्या बाजेवर बसली. सांगितलं तर जेवायची, सांगितलं तर वेणी घालून घ्यायची. रडत मात्र नव्हती. सत्यवतीबाई म्हणजे तिची आई, एरवी कामाच्या धबडग्यात कुणालाही हातभर दूर ठेवणारी बाई, पण लेकीच्या त्या कोरड्या डोळ्यांना ती भ्याली होती. "अहो, ही रडत काहून नाही?" असं तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

वर्कशॉपच्या भांडारात अच्युतराव नावाचे गृहस्थ होते. उमेदीची वर्षं कलकत्त्यात काढून ते जबलपूरला बदलून आले होते. एका दुपारी काही कागदांवर सही घ्यायला चिंतामणराव त्यांच्या घरी गेले आणि बैठकीत काचेच्या पेटीत हिरव्या झाडांमधून फिरणारे मासे बघून उभेच राहिले. सहीचे कागद हातातच राहिले. नंतर लक्षात आलं की आपण बराच वेळ कशाचाही विचार केलेला नाही. घरी येताना त्यांच्या मनात एवढंच होतं की हे विनताच्या बाजेसमोर असायला हवं.

अच्युतरावांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. हा शौक वरून दिसतो तेवढा सोपा नाही, म्हणाले. मग खर्च सांगितला. लोखंडी चौकटीची, दोन फूट लांब आणि एक फूट उंच-रुंद पेटी इथेच लोहाराकडून आणि काचवाल्याकडून करून घेतली तर अठरा रुपयांत होईल. पाणी गाळायची डबी आणि तिला हवा पुरवणारा विजेचा छोटा पंप कलकत्त्याहून मागवावा लागेल, त्याचे बावीस. थंडीत पाणी ऊन ठेवायची काचेची नळी आणि तापमापक मिळून अकरा. मासे सात-आठ रुपयांचे. चिंतामणरावांनी मनात बेरीज केली. अर्ध्याहून अधिक पगार होत होता. "आणि हा खर्च एकदाच होतो जी," अच्युतराव म्हणाले, "दर महिन्याचे तीन रुपये आणि दर आठवड्याची मेहनत मात्र कधी संपत नाही. थंडीत विजेचं बिल आणखी वाढेल." चिंतामणरावांनी त्या वर्षीचा गरम कोट शिवायचा बेत सोडून दिला आणि लोहाराकडे गेले.

पेटी आली तेव्हा सत्यवतीबाई म्हणाल्या की देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून मासे ठेवणारं हे गल्लीतलं पहिलंच घर. भरलेल्या पेटीचं वजन दीड मणावर जाणार, म्हणून सुतारानं जाड सागवानी घडवंची करून दिली. चिंतामणरावांनी ती विनताच्या बाजेसमोर, पण खिडकीच्या उन्हापासून बाजूला ठेवली. ऊन थेट पडलं तर काचा शेवाळतात, हे अच्युतरावांनी बजावलं होतं. नर्मदेची वाळू आणून ती पाणी निवळ निघेपर्यंत धुतली. काचा बसवायला वापरलेल्या लांबीचा विषारी अंश पाण्यात उतरतो, म्हणून पेटी भरायची, चार-आठ दिवसांनी ओतून टाकायची, पुन्हा भरायची, असं दसरा होईपर्यंत चाललं. एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं तेही त्यात कळलं आणि पुन्हा लांबी भरून झाली.

मग पाणगवताची रोपं लावली, गाळणीच्या डबीत कोळसा आणि कापूस भरला, पंप सुरू केला. बारीक घूं असा आवाज घरात आला आणि डबीतून बुडबुडे निघायला लागले. चिंतामणराव दुसऱ्याच दिवशी अच्युतरावांकडे मासे मागायला गेले. अच्युतराव हसले. आत्ता मासे सोडले तर आठवड्यात मरतील, म्हणाले. "पाणी मुरू द्या. लोणचं मुरतं तसंच. आपल्याला दिसत नाही, पण वाळूत, कापसात काहीतरी धरतं आणि तेच माशांची घाण पचवतं. ते धरेपर्यंत वाट पाहायची." त्यांनी आपल्या पेटीतली मूठभर वाळू आणि डबीतला थोडा मळकट कापूस दिला, विरजण समजा, म्हणाले. महिनाभर त्या घरात एक रिकामी पेटी बुडबुडत राहिली. शेजारच्या बायका येऊन बघून जात आणि यात मासे कुठे आहेत ते शोधत.

विनता मात्र बघत होती. पाणी आधी दुधट झालं, मग आपोआप निवळलं, रोपांना नवी पानं फुटली. बाजेवरची तिची बसायची बाजू बदलली होती. आधी ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

मार्गशीर्षात कलकत्ता मेलनं कुणा ओळखीच्या माणसाबरोबर पत्र्याच्या डब्यातून मासे आले. सहा गप्पी, शेपट्या रंगीत फडक्यांसारख्या, आणि काळ्याभोर मोलींची एक जोडी. चिंतामणरावांनी डबा उघडून ओतायलाच घेतला होता. तेवढ्यात मागून विनता म्हणाली, "बाबा, त्यांना पाणी गार नाही लागणार?"

त्या घरात आल्यापासून आपणहून उच्चारलेलं तिचं ते पहिलं वाक्य होतं. चिंतामणरावांचे हात थांबले. अच्युतरावांनी सांगितलं होतं ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी डबा तसाच पेटीच्या पाण्यात तरंगत ठेवला. दोन्ही पाणी सारखं होईपर्यंत बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले. मग विनतानंच वाटीनं थोडं थोडं पेटीतलं पाणी डब्यात घातलं आणि शेवटी डबा आडवा केला.

त्या दिवसापासून ती पेटी विनताची झाली. जबलपूरची थंडी बोचरी. पहाटे अंगणातल्या बादलीत हात घालवत नसे. पाणी ऊन ठेवायची ती नळी आपोआप बंद होणारी नव्हती. संध्याकाळी चालू करायची, तापमापकाचा पारा शहात्तर अंश फॅरनहाइटवर आला की बंद करायची, आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद आहे ना हे पाहायचं. पाण्याबाहेर असताना ती चालू राहिली तर काच तडकते. हे सगळं विनता करायची. अच्युतराव येऊन एकेक गोष्ट समजावून जात आणि ती ऐकून घेई. चिमूटभर खाणं द्यायचं, काही क्षणांत संपेल एवढंच, उरलं तर ते कुजतं. दर आठवड्याला रबरी नळीनं तळातली घाण ओढत चौथाई पाणी काढायचं आणि उघड्या घंगाळात रात्रभर ठेवलेलं पाणी घालायचं. महिन्यातून एकदा डबीतला कापूस त्या काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा, कोळसा बदलला तर अर्धाच बदलायचा. त्यांनी खायला सुक्या कोळंबीची पूड सुचवली तेव्हा मात्र सत्यवतीबाईंनी हात जोडले. मग विनता अंगणातल्या हौदातून पंच्याच्या फडक्यानं डासांच्या अळ्या गाळून आणू लागली. माशांनी त्या अधाशासारख्या खाल्ल्या. त्यानंतर गल्लीत डास कमी झाले, असं शेजारीण म्हणायची. खरंखोटं कुणास ठाऊक.

चिंतामणराव संध्याकाळी घरी आले की आता त्यांना बातम्या मिळत. कोणता मासा कुणाला हुसकावतो, कोणत्या रोपाला धुमारा आला. जबलपुरात वाढलेल्या विनताच्या मराठीत हिंदी मिसळलेली असे. "बाबा, ती मोठी गप्पी है ना, ती आज कोपऱ्यातच बसून राहिली," असं ती सांगे.

ती मोठी गप्पी पोटुशी होती. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लंच देतात, हे अच्युतरावांनी सांगितलं तेव्हा चिंतामणरावांनी चोरून विनताकडे पाहिलं. हे आधी ठाऊक असतं तर त्यांनी दुसरे मासे मागवले असते. सत्यवतीबाई तर म्हणाल्या की ती मादी परत देऊन या. पण विनतानं ऐकलं नाही. आई आपलीच पिल्लं गिळते, हेही अच्युतरावांनी सांगितलं होतं, म्हणून तिनं एका कोपऱ्यात पाणगवत दाट करून टाकलं. पौषातल्या एका सकाळी चिंतामणराव दात घासत असताना तिनं त्यांना हाक मारली. गवताच्या आत मोहरीएवढे डोळे असलेले, काचेच्या तुकड्यांसारखे जीव लपून बसले होते. मादी गवताबाहेर फिरत होती आणि आत शिरू शकत नव्हती.

"सगळी हलून राहिलीत, बाबा," विनता म्हणाली. तिनं काचेला बोट लावलं आणि काढून घेतलं. चिंतामणराव तोंड धुवायला गेले आणि मोरीत बराच वेळ उभे राहिले.

त्या हिवाळ्यात घर पुन्हा घरासारखं झालं. पंधरावीस पिल्लांतली बरीचशी जगली, मोठी झाली. विनता हसायला लागली, शेजारणींत बसायला लागली. वैशाखात अमरावतीहून बोलावणं आलं, धाकट्या दिराच्या लग्नाला. जावई पुंडलिकराव स्वतः आले नव्हते, पण बोलावणं आलं हेच खूप होतं. विनतानं ट्रंक भरली. निघताना तिनं वडिलांना फक्त दोन वेळा चिमूटभर खायला द्यायला आणि आठवड्याला थोडं पाणी बदलायला सांगितलं. बाकी कशाला हात लावू नका, मी आले की बघते, म्हणाली. थोड्याच दिवसांत येणार होती. की तिकडेच राहणार होती? ते कुणी उघड बोललं नाही, पण चिंतामणरावांनी देवापुढे तेच मागितलं होतं.

लग्न होऊन गेलं. पुढच्या आठवड्यात सत्यवतीबाईंचे अमरावतीचे भाऊ अंबादासमामा एकटेच आले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की पुंडलिकरावांचं दुसरं लग्न ठरलं आहे, मुलगी अकोल्याची, आणि विनताला तिथे राहायचं तर राहू देतील, असं तिलाही सांगून टाकलं आहे. विनता मामांच्या घरी येऊन राहिली होती. मामींबरोबर ती चार-पाच दिवसांत जबलपूरला येणार होती. चिंतामणरावांनी कायद्याचं काही करता येईल का विचारलं. मामा म्हणाले, पुरुषानं दुसरी केली तर कायदा काय करतो.

मामा गेल्यावर चिंतामणराव अंगणात गेले, मोगऱ्याशी बसले, आत आले. वर्कशॉपातून त्यांनी रजा घेतली होती आणि तिचं करायचं काय ते त्यांना कळत नव्हतं. समोर पेटी होती. मे महिन्याचं ऊन कुठून कुठून येऊन काचांवर हिरवट थर चढला होता, वाळू काळपट दिसत होती, डबीतला कापूस चिखलासारखा. लेक येणार, आणि तिच्यासमोर हे असं? सगळ्या जगाशी भांडता येत नव्हतं, जावयाशी नाही, व्याह्यांशी नाही. हातानं करण्यासारखं एवढंच होतं.

त्यांनी मनापासून केलं. पाणी दोन दिवस हंड्या-घंगाळांत भरून ठेवलं. मासे बादलीत काढले. वाळू उपसून उकळत्या पाण्यानं धुतली. काचा घासल्या. डबीतला कापूस आणि कोळसा फेकून नवा घातला. ते सगळं करताना त्यांचे हात थांबले नाहीत, आणि संध्याकाळी पेटी दुकानातल्या आरशासारखी लखलखायला लागली तेव्हा सत्यवतीबाईसुद्धा म्हणाल्या, छान दिसते हो.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. शेपट्या आखडल्या. चिंतामणरावांना वाटलं, हलवाहलवीनं घाबरले असतील, त्यांनी थोडं जास्त खाणं टाकलं. ते तसंच तळाशी बसलं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं. पिल्लांतून वाढवलेले आधी गेले, एकेक, मग मोली. ते अच्युतरावांकडे धावले, पण दाराला कुलूप. अच्युतराव पुतणीच्या लग्नाला कलकत्त्याला गेलेले. वर्कशॉपात दुसरं कुणी माशांचं जाणणारं नव्हतं. चिंतामणराव पेटीसमोर बसून राहिले. मेलेले मासे चहाच्या गाळणीनं काढून मोगऱ्याच्या आळ्यात पुरायचे, एवढंच ते करत होते.

विनता आली तेव्हा तीन मासे उरले होते. मामी दारातच सत्यवतीबाईंच्या गळ्यात पडल्या. विनता कुणाच्या गळ्यात पडली नाही. ट्रंक उंबऱ्याशी ठेवून ती सरळ पेटीकडे आली. तिनं काचा पाहिल्या, पांढरी वाळू पाहिली, डबी उचलून नवा कापूस पाहिला.

"मी धुतलं," चिंतामणराव म्हणाले. "तू येणार म्हणून."

"सगळं?"

"सगळं."

तिनं मान हलवली. मग तिनं लुगड्याचा पदर खोचला. तळातलं कुजलेलं खाणं नळीनं ओढून काढलं, ठेवणीतल्या पाण्यानं चौथाई पाणी बदललं, खाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पंपाची नळी तिनं जरा वर घेतली, म्हणजे बुडबुड्यांनी पाणी अधिक हलेल. एक गेला, दुसरा गेला. मोठी गप्पी, ती पहिल्या पिल्लांची आई, अजून होती. विनता तिच्यापाशी बसून असायची. जेवायला आईनं ताट तिथेच आणून दिलं.

गप्पी दुपारी गेली. विनतानं तिला तळहातावर घेतलं आणि तशीच जमिनीवर बसली. मग ती रडायला लागली. पोटातून, वाकून, धाप लागेपर्यंत. सत्यवतीबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि चिंतामणराव पुढे होऊ लागले तेव्हा त्यांनी हातानं त्यांना अडवलं. "रडू द्या," म्हणाल्या. चिंतामणराव अंगणात जाऊन बसले. ते रडणं माशांसाठी नव्हतं, किंवा फक्त माशांसाठी नव्हतं, एवढं त्यांना कळत होतं. पण ज्या दारातून ते बाहेर पडलं ते दार आपल्याच हातानं उघडलं गेलं, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

अच्युतराव परत आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कोळसा-कापूस फेकला, वाळू उकळत्या पाण्यानं धुतली, म्हणजे मुरलेलं सगळं एकदमच गेलं. पाणी स्वच्छ होतं पण कोरं होतं, असं ते म्हणाले. चिंतामणरावांना दोष देण्याऐवजी म्हणाले, हे माझ्याकडूनही झालंय, पहिल्या वर्षी. मग त्यांनी आपल्याकडचे गप्पी देऊ केले, पैसे नकोत म्हणाले. चिंतामणरावांनी घरी येऊन विनताला विचारलं.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "नको, बाबा," ती म्हणाली. "पाणी मुरेपर्यंत थांबायचं, मग ते आणायचे, मग पुन्हा... आता माझ्याच्यानं वाट पाहणं नाही होत."

त्या पावसाळ्यात तिनं शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. आधी आईनं थोडी कुरकुर केली, पण चिंतामणरावांनी फी भरली आणि तो विषय मिटला. दोन वर्षांनी तिला पनागरच्या मुलींच्या शाळेत नेमणूक मिळाली. ती रविवारी घरी यायची. तिथल्या मुली, हेडबाई, वाटेतला चिखल, सगळं सांगायची. अमरावतीचं नाव कुणी काढत नसे. पुंडलिकरावांना मुलगा झाल्याचं मामांकडून कळलं, ते सत्यवतीबाईंनी तिला सांगितलं नाही, पण तिला ते कळलेलं होतं.

पेटी मात्र चिंतामणरावांनी रिकामी ठेवली नाही. विनतानं नको म्हटल्यावरही नाही. त्यांनी तिच्यात पाणी भरलं, अच्युतरावांकडची वाळू मागून आणली, महिना-दीड महिना बुडबुडे ऐकत बसले, आणि मग तीनच मासे सोडले. आता दर रविवारी सकाळी ते नळी तोंडात धरून पाणी ओढत, चौथाईच काढत, कापूस त्याच पाण्यात पिळत. लढाईच्या दिवसांत पाणी ऊन ठेवायची नळी जळली आणि नवी मिळेना, तेव्हा त्यांनी पेटीवर लाकडी झाकण करून त्यात विजेचा दिवा लावला आणि थंडीत वर घोंगडी पांघरली. दोन मासे त्या हिवाळ्यात गेले.

विनता आली की पेटीकडे बघे, पण काही विचारत नसे. एकदाच तिनं विचारलं. तिची बदली मझौलीला झाली होती. आता दर रविवारी येता येणार नव्हतं, सुटीतच येणार होती. निघायच्या आधी ती पेटीसमोर उभी राहिली. झाकणाचा दिवा लागलेला होता आणि आत एकच म्हातारा मासा हळूहळू फिरत होता.

"बाबा, हा एकटाच काहून आहे?"

"दुसरा आणला तर हा त्याला जगू देईल की नाही, माहीत नाही," चिंतामणराव म्हणाले.

मग तिनं वडिलांच्या पाया पडून पिशवी उचलली. चिंतामणराव तिला मोटारीच्या अड्ड्यावर सोडायला गेले. मोटार सुटेपर्यंत दोघंही मझौलीत खोली कशी मिळेल, पाणी कुठून आणावं लागेल, असलंच बोलत होते. मोटार वळणावर दिसेनाशी झाली तरी ते तिथे उभे होते. मग रविवार होता हे त्यांना आठवलं, पाणी बदलायचं राहिलं होतं, आणि ते घरी गेले.